खारीतलं तूप

नांदुऱ्याच्या ज्या कचेरीत माझे काका कारकून होते, तिथे दुपारच्या चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत लागायचंच. पित्ताशयात खडे निघाल्यावर डॉक्टरांनी काकांना बजावलं, तळलेलं, तेल-तूप सगळं सोडा, नाहीतर ऑपरेशन. काकांनी त्यातलं फक्त ‘तळलेलं’ ऐकलं. बटाट्याचे चिप्स आणि शेव सुटली. त्यांच्या जागी बेकरीची खारी आणि ‘भाजका’ चिवडा आला, तोही दुप्पट. हा पथ्याचा शोध सगळ्या कचेरीने उचलला. शिकलेल्या माणसांना स्वस्तातलं शहाणपण फार आवडतं.

पोटात कळा यायच्या थांबल्या नाहीत. आरोपी घरात तयारच होता.

“तू भाजीत तेल टाकून राह्यली,” काका काकूंना म्हणाले.

“थेंब बी नाही टाकत. मीबी तेच उकडलेलं खाऊन राह्यली ना तुमच्यासंगं.”

“मंग दुखते काऊन?”

 शेजारीपाजारीही काकूंच्याच हाताला दोष देऊ लागले. मी तेव्हा वार्ताहर होतो. ऐकीव गोष्ट छापायची नाही, एवढं शिकलो होतो. बेकरीत जाऊन खारीत काय घालतात ते विचारलं.

बेकरीवाला हसला. “काय बावा, वनस्पती तुपाबिगर पापुद्रे सुटतात काय? किलोभर मैद्याले अर्धा किलो जाते.”

रविवारी काकांसमोर कोऱ्या कागदावर चार जिन्नस दाबून ठेवले. चिप्सखाली लगेच डाग पडला. पातळ काप तळताना त्यातलं पाणी जातं आणि तेल शिरतं. खारीचा डाग जवळजवळ तेवढाच होता. चिवड्याचे पोहे कोरडे भाजलेले, पण नंतर त्यावर तेलाची फोडणी, त्यात शेंगदाणे. दाण्यातलं तेल कागदावर फारसं उतरत नाही, पोटात मात्र पुरेपूर जातं. भडभुंज्याकडच्या वाळूत भाजलेल्या फुटाण्यांखाली फक्त भुसा राहिला. त्यांतही थोडी चरबी असते, पण ती हरभऱ्याची स्वतःची. वरून कोणी काही ओतलेलं नसतं.

काकांनी कागद उजेडात धरला.

“बेकरीवाला बदमाश आहे,” ते म्हणाले.

“तो कवा म्हणला का तूप नाही म्हणून?” काकूंनी विचारलं. “तुमी इचारलं होतं काय?”

काकांनी कागद चुरगाळून टाकला. काकूंची माफी मागणं तर लांबच.

खारी आणि चिवडा बंद झाला, मूठभर फुटाणे सुरू झाले. खडे होते तिथेच राहिले, कळा मात्र क्वचित येऊ लागल्या. महिनाभरात काका कचेरीत सांगू लागले की, भाजलेल्या आणि बेकरीतल्या पदार्थांतला फरक त्यांनीच शोधून काढला. सहकारी माना डोलवत, खारी चहात बुडवत ऐकत होते.

काकूंच्या कानावर हे आलं तेव्हा मी समोरच होतो. त्यांनी काकांची उकडलेली भाजी बाजूला काढली, उरलेल्या भाजीला पळीभर तेलाची फोडणी दिली आणि पाटावर बसल्या.

“आता माह्यावर कोनाचा शक नाही ना?” त्या म्हणाल्या. “मंग मले जेवू द्या.”