उन्हाळ्यानं विकलेली पोती

सूर्यभान मेंढरांमागं वाढलेला. आमच्या चिकलठाण्याच्या पशुखाद्याच्या कारखान्यात तो अकरा वर्षं ऑर्डरींचं काम बघतो. मार्चमध्ये मालकांनी, म्हणजे नानासाहेबांनी, पोत्याचा भाव दहा टक्के वाढवला. मे अखेर खप वीसेक टक्के वर गेला. नानासाहेबांनी पेढे वाटले. "भाव वाढवला, खप वाढला. लोकांना भावाचं काही वाटत नाय. जूनमध्ये अजून दहा टक्के." असल्या अकलेची मला शिसारी येते. पेढा मात्र मी खाल्ला.

सूर्यभानानं खाल्ला नाही. "नानासाहेब, रानात हिरवी काडी नाय. खप उन्हानं वाढला," म्हणत त्यानं जुन्या ऑर्डरी पुढं ठेवल्या. पैठणच्या बाजूला वर्षाचा करार असल्यानं जूनपर्यंत जुनाच भाव होता. गेले तीन उन्हाळे पैठणचा आणि बाकीचा खप सारखाच चढला होता. यंदा पैठणला चाळीस टक्के चढला, बाकीकडं वीस. भाववाढीच्या मागचे-पुढचे पंधरवडे त्यानं गाळले होते, कारण भाव वाढणार म्हणून दुकानदारांनी आधीच गोदामं भरली होती.

"भाव तोच असता तर शंभराच्या जागी एकशेचाळीस पोती गेली असती, ती एकशेवीसच गेली. दहा टक्के भावानं चौदा टक्के खप खाल्ला. भाव वाढवूनबी गल्ला कमीच भरला."

"शंभराची एकशेवीस झाली, आणि तू म्हणतो घटली?" नानासाहेब हसले. त्यांच्यासोबत सगळं ऑफिस हसलं.

जूनमध्ये सगळीकडं भाव वाढला. मग पाऊस झाला, बांध हिरवे झाले आणि जुलैत खप निम्म्यावर आला. आता त्याचं खापर कुणाच्या तरी माथी फोडायला हवं होतं. पाचोडची एजन्सी आवडाबाईंकडं एकोणीस वर्षं होती, आणि ती नानासाहेबांच्या भाच्याला हवी होती.

सूर्यभान पुन्हा कागद घेऊन गेला. "दर पावसाळ्यात शंभराची साठ होत्यात. यंदा सगळीकडं पन्नास, पाचोडलाबी पन्नासच. चाळीस गवतानं गेली, दहा भावानं गेली असतील. आवडामावशीचा काय दोष?"

"उन्हाळ्यात म्हणाला भावानं खप घटतो. आता घटला तर म्हणतो गवतानं. एका तोंडानं बोलत जा," नानासाहेब म्हणाले.

त्या माणसाला उन्हाळा आला तर स्वतःची हुशारी दिसते आणि पावसाळा आला तर दुसऱ्याचा आळस. किळस येते.

पत्र घेऊन पाचोडला मला पाठवलं. आवडाबाईंनी ते माझ्याकडूनच वाचून घेतलं. निष्काळजीपणामुळं विक्री निम्मी, एजन्सी रद्द.

समोरच्या बांधावर शेळ्या मान वर न काढता चरत होत्या. तिकडं बघत आवडाबाई म्हणाल्या, "पोती का खपंनात, हे यांना इचारलं का कुणी?"

मी मान खाली घातली. ते पत्र मीच टाइप केलं होतं.