काकांच्या काखेतली गाठ

आमच्या काकांना खोटं बोलता येत नसे. म्हणजे ते बोलत, पण वाईट बोलत. डोळे मोठे व्हायचे, आवाज चढायचा आणि एका वाक्यात काम होत असलं तरी ते चार वाक्यं बोलायचे. त्यामुळे आजोबांच्या श्राद्धाच्या दिवशी गच्चीच्या जिन्यावरून ते ओरडत खाली आले, "शिवला! कावळा शिवला! केवढा मोठा कावळा! अगदी समोर बसून खाल्लं त्याने!" तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मला भूक लागली होती. भुकेल्या माणसाला संशय परवडत नाही.

तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही तीनच माणसं राहत होतो. काका, काकू आणि मी. मी तेव्हा एका खतांच्या दुकानात नोकरीला होतो आणि नव्या मोपेडमुळे गल्लीत माझी जरा ऐट होती. घरोघरी केबलची तार येत होती, कोपऱ्यावर एसटीडी बूथ उघडला होता, पण श्राद्धाचा नेम मात्र पणजोबांच्या वेळचा. भटजी जेवून गेले की केळीच्या पानाच्या तुकड्यावर कावळ्याचा घास गच्चीत ठेवायचा, आणि कावळ्याने तो उचलल्याशिवाय घरच्यांनी जेवायला बसायचं नाही. काका निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे नेम त्यांचा आणि उपास आमचा.

त्या दिवशी काका वर जाऊन फार वेळ झाला होता. खाली आले तेव्हा डावा हात उपरण्यात गुंडाळलेला.

"हाताला काय झालं?" काकूने विचारलं.

"भिंतीला घासलं. गच्चीची भिंत फार खरबरीत आहे. चुना द्यायला हवा. केव्हापासून सांगतोय मी!"

चार वाक्यं. पण पानावर गरम वडे पडले होते.

आठवडाभराने काकांच्या हाताच्या मागच्या बाजूला, ओरखड्याच्या जागी एक लालसर पुटकुळी उठली. काकूने हळद लावली. डास असेल, असं ठरलं. ओरखडे बुजले आणि आम्ही ते विसरून गेलो. पुढे दोनेक आठवड्यांनी काका सकाळी सदरा घालताना "आई गं" म्हणाले. डाव्या काखेत लिंबाएवढी गाठ. दाबली की दुखायची. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, आणि एरवी रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देणारा माणूस खुर्चीत मुकाट बसून राहायचा.

गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी कॅप्सुला दिल्या. गाठ हलली नाही. मग त्यांनी गाठीत सुई घालून तपासायला पाठवलं, कारण आपल्याकडे गाठ म्हटली की पहिल्यांदा टीबीचाच विचार करावा लागतो, असं ते म्हणाले. ते एवढंच म्हणाले, पण काकूने घरी येताच काकांचा कॉफीचा टवरा-टंबलर, म्हणजे वाटी-पेला, वेगळा केला. काका मात्र टीबीवर थांबले नाहीत. त्यांचं मन थेट कर्करोगापर्यंत पोचलं. ते मला बोलावून म्हणाले, "माझी छत्री तू घे. दांडा शिसवी आहे."

"काका, मी मोपेडवर छत्री कशी धरू?"

"मी नसताना तरी उलट बोलू नकोस."

आम्ही हसायचो, पण काकू रात्री जेवत नव्हती. मी पाहत होतो.

सुईचा रिपोर्ट आला. टीबीचे जंतू दिसले नाहीत, कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. सूज आहे आणि पू झाल्यासारखं काही आहे, एवढंच. डॉक्टर म्हणाले, सुईत थोडंच येतं, सर्जनला दाखवा, बहुतेक पूर्ण गाठ काढून तपासतील. "काढून" हा शब्द ऐकताच काकांनी छत्रीचा विषय पुन्हा काढला.

मोठ्या इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात आमचा नंबर आला तेव्हा समोर एक तरुण बाई डॉक्टर. बोलणं भरभर, आवाज सुरेल आणि दणकट, जणू पलीकडच्या वॉर्डालाही तिला काही सांगायचं होतं. तिने काख तपासली. मग कुणी न तपासलेली जागा तपासली. काकांचं कोपर धरून आतल्या बाजूला, जरा वर, बोटं फिरवली.

"इथेही एक आहे," ती म्हणाली. "वाटाण्याएवढी." मग तिने हात उलटा केला. मागच्या बाजूला पुसट तीन रेघा आणि त्यांच्या टोकाला सुकत आलेली पुटकुळी. "हे काय?"

"भिंत," काका म्हणाले.

"तीन नखं असलेली भिंत?" ती हसली. "घरात मांजर आहे का?"

उत्तर काकूने दिलं. "आमच्या घरात? मांजर? वाससुद्धा यायचा नाही, डॉक्टर. यांना मांजर अजिबात चालत नाही."

डॉक्टरीण काकांकडे पाहत राहिली. काका छताच्या पंख्याकडे पाहत राहिले. एवढं लक्ष देऊन पाहण्यासारखा तो पंखा नव्हता.

"तसं असेल तर गाठ काढून बघितलेलं बरं," ती म्हणाली. "पुढल्या आठवड्यात या. बाहेर बसा, तारीख लिहून देते."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. काका पांढरे पडले होते. जरा वेळाने ते काकूला म्हणाले, "तू जरा ताक पिऊन ये."

"मला नको."

"मग माझ्यासाठी आण."

"तुम्हाला ताप आहे."

"मग याच्यासाठी आण!"

"त्याला पाय आहेत," काकू म्हणाली आणि पदर सावरून आणखी घट्ट बसली.

तेव्हा काका उठले. दाराशी जाऊन, शिपायाला बाजूला सारून, डॉक्टरणीच्या टेबलावर वाकले. काकूला इंग्रजी येत नाही, हा त्यांचा शेवटचा किल्ला होता. अत्यंत हलक्या आवाजात, हेडमास्तरी इंग्रजीत त्यांनी एक निवेदन सुरू केलं. दारातून मला फक्त त्यांची वाकलेली पाठ दिसत होती. निवेदन लांबलं. मग डॉक्टरणीने टाळी वाजवली आणि सबंध विभागाला ऐकू जाईल अशा खणखणीत तमिळमध्ये म्हणाली, "पूनैक्कुट्टी! मांजराच्या पिल्लाने ओरबाडलं! ते आधी नाही का सांगायचं, सार?"

बाकावरची सगळी माणसं हसली. काकू हसली नाही. ती उठून आत गेली, तिच्या मागोमाग मीही.

डॉक्टरणीने नीट समजावलं. पिल्लांच्या अंगावरच्या पिसवांमुळे एक जंतू त्यांच्या रक्तात असतो. पिल्लू अगदी धडधाकट दिसतं, पण पिसवांची घाण त्याच्या नखांत राहते आणि ओरखड्यातून ती माणसात जाते. आधी ओरखड्याच्या जागी पुटकुळी, आणि ती विसरल्यावर, काही आठवड्यांनी, त्याच हाताच्या वाटेवरच्या गाठी सुजतात. कोपर, मग काख. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. बहुतेकांची गाठ आपोआप बसते, पण वेळ घेते, कधी दोन-तीन महिनेसुद्धा. "याची रक्ततपासणी इथे होत नाही," ती म्हणाली, "म्हणून मी शपथेवर सांगत नाही. पण सुईचा रिपोर्ट, या रेघा आणि तुमचं पिल्लू, तिन्ही जुळतात. आत्ता कापत नाही. दर पंधरा दिवसांनी दाखवा. पुवाने मऊ पडली तर तो सुईने काढू. वाढली किंवा बसलीच नाही, तर मात्र गाठ काढायची."

म्हणजे चाकू टळला नव्हता. लांबला होता.

परतीला काका आणि काकू सायकलरिक्षात, मी मोपेडवर त्यांच्या बाजूने अगदी हळू. असं संभाषण मी सोडणार नव्हतो.

"कधी?" काकूने विचारलं.

"बाबांच्या श्राद्धाला."

"गच्चीवर?"

"कावळा येईचना. तुम्ही सगळे उपाशी. आणि ते पिल्लू पाण्याच्या टाकीमागून आलं आणि थेट घासात तोंड. मी मानगूट धरायला गेलो." काका थांबले. "मग म्हटलं, काहीतरी शिवलं तर आहे."

रिक्षा कालव्याच्या पुलावर चढली. रिक्षावाला उतरून ओढू लागला. काकूने रिक्षाची दांडी धरली. शेवटी काका फारच बारीक आवाजात म्हणाले, "श्राद्ध पुन्हा करूया का? बाबा उपाशी राहिले असतील."

"त्याने काय खाल्लं?"

"कोणी?"

"पिल्लाने हो."

काकांनी आठवून पाहिलं. "खीर. नुसती खीर. वड्याला तोंड लावलं नाही."

"मग मामंजी जेवले," काकू म्हणाली. "दात नव्हते त्यांना. आयुष्यभर खिरीवर जीव. कावळा होऊन वडे कशाला खायला येतील? आणि तुम्ही मानगूट धरलीत. ओरबाडतील नाही तर काय करतील!"

माझी मोपेड बंद पडली. हसताना मी ती नीट चालवू शकलो नाही, हे खरं कारण.

पण पुढचे दोन महिने घरात एवढं हसू नव्हतं. टवरा-टंबलर पुन्हा इतर भांड्यांत आला, ताप गेला, तरी गाठ होती. काकू रोज सकाळी काकांना "हात वर" म्हणायची आणि बोटांनी चाचपून पाहायची. रोज तीच गाठ पाहणाऱ्याला ती कमी झालेली कळत नाही. काका म्हणत, वाढली. काकू म्हणे, तेवढीच आहे. मला विचारलं तर मी म्हणे, डॉक्टर सांगतील. एका भेटीत डॉक्टरणीने गाठ दोनदा चाचपली, म्हणाली मधे मऊ लागतंय, आठ दिवसांनी या. त्या आठवड्यात काकांनी छत्रीचं नाव काढलं नाही. ते मला जास्त वाईट लक्षण वाटलं.

आठ दिवसांनी आम्ही गेलो. गाठ पुवाने भरली नव्हती. त्यानंतरच्या भेटीत डॉक्टरणीला गाठ शोधावी लागली. शेवटच्या भेटीत तिने काकांना टेबलावर बसवलं, डोळे मिटून काख तपासली, कोपर तपासलं, पुन्हा काख तपासली. काकांनीही डोळे मिटले होते. माझ्याखेरीज खोलीत डोळे उघडे असणारी फक्त काकू, आणि ती डॉक्टरणीच्या बोटांकडे पाहत होती.

"हरभऱ्याएवढी उरली आहे," डॉक्टरीण म्हणाली. "जाईल तीही. ऑपरेशन नाही. आता माझ्याकडे यायचंही नाही."

काका सदऱ्याची बटणं लावू लागले. पहिलं बटण दुसऱ्या काजात गेलं, मग काढून पुन्हा दुसऱ्याच. बाहेरची रांग दारातून डोकावत होती, आणि काकू, जी रस्त्यात काकांच्या मागे चार पावलं चालत असे, सगळ्यांच्या देखत पुढे झाली आणि एकेक करून बटणं लावू लागली.

"हळू," काका म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत," काकू म्हणाली. "भिंतीला घासलं म्हणून सांगा."