खैरुनबीचं ताट

पुसदच्या जब्बारभाईंनी निम्म्या तालुक्यात कॅमेरे लावले, पण स्वतःच्या घरात लावायला त्यांना दोन वर्षं बायकोची मनधरणी करावी लागली. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग सीसीटीव्ही असा त्यांचा हात बसत गेलेला. खैरुनबीला चक्कर यायची आणि हे दिवसभर ढाणकी-उमरखेडकडे शिडीवर. जीव टांगणीला लागायचा, म्हणून कॅमेरा हवा होता.

खैरुनबी फोटोसुद्धा काढू देत नसे. एकुलता एक फोटो आधार कार्डावरचा, आणि त्यात कोणता माणूस स्वतःसारखा दिसतो? तिनं एकच गोष्ट विचारली. "तुमी म्हंता, चित्र कंपनीकडून फोनवर येते. मंग कंपनीतला एखादा माणूस पाहत असन तं?"

शंभर गिऱ्हाइकांपैकी एकानंही जब्बारभाईंना हे विचारलं नव्हतं.  मग त्यांनी कंपनीची क्लाऊड सेवा बंद केली आणि राऊटरमध्ये कॅमेऱ्यांची बाहेरची वाटच अडवली. घरच्या इंटरनेटला बाहेरून हाक मारता येईल असा स्वतःचा पत्ता नव्हता. म्हणून इंटरनेटवरचा एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला. घरात ठेवलेली जोडणीची एक डबी आपणहून त्याच्याशी जोडलेली राही, आणि जब्बारभाईंचा फोनही त्याच्याशीच जोडला जाई. मधला सगळा प्रवास व्हीपीएनच्या कुलूपबंद नळीतून. या नळीच्या चाव्या दोनच. एक त्यांच्या फोनमध्ये, दुसरी निजामाबादला दिलेल्या लेकीच्या, उमेराच्या फोनमध्ये.

"आन् हे साठते कुठं?"

"घरातच. या डब्यात, रेकॉर्डरमध्ये. जागा भरली का सगळ्यात जुनं आपोआप पुसून जाते."

"पुसते न? मंग लावा," खैरुनबी म्हणाली.

एक कॅमेरा स्वयंपाकघरात लागला, एक दारावर, आणि त्या दिवसापासून एक रीत पडली. दुपारी एकला जब्बारभाई जिथं असतील तिथं शिडीवरून उतरायचे, व्हीपीएन सुरू करायचे आणि स्वयंपाकघर उघडायचे. खैरुनबी ताट कॅमेऱ्यासमोर धरायची. भाकर, आंबाडीची भाजी, कधी नुसता खिचडा. "हे पाहा, जेवून राह्यली. आता तुमी बी जेवा," असं दटावायची. फोटोला पदर ओढणारी बाई कॅमेऱ्याकडे पाहून हसायची, कारण पलीकडे कोण आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. जब्बारभाईंना तेवढ्यानंच भाकर गोड लागे.

मार्चमधल्या एका पहाटे ती झोपेतच गेली. जब्बारभाई शेजारीच होते, आणि त्यांना कळलंही नाही.

घर माणसांनी भरलं. तिसऱ्या दिवशी, जियारतीला, उमेरा बापाजवळ येऊन बसली. "अब्बा, अम्मीचं ताटवालं रेकॉर्डिंग काढून ठेवा न. तिचा आवाज माझ्याकडं कुठंच नाही."

"काढतो बेटा. महिनाभराचं राह्यते त्याच्यात. कायले घाई?"

हे त्यांनी कारागिराच्या खात्रीनं सांगितलं होतं. रेकॉर्डरमध्ये दुकानातलीच एक जुनी, लहान डिस्क होती. हालचाल झाली तरच चित्रण होई. घरात एकटी बाई, त्यामुळे ती महिनाभर सहज पुरे. खरं म्हणजे त्यांना खैरुनबीला तसं पाहायची हिंमत होत नव्हती, आणि त्यात लाज वाटावी असं काही नाही.

दहाव्या दिवशी उमेरा निजामाबादला परतली. घर रिकामं झालं, तेव्हा त्यांनी रेकॉर्डर उघडला. सगळ्यात जुनं चित्रण सापडलं ते जियारत झाल्याच्या दुसऱ्या दिवसाचं. स्वयंपाकघरात आठ बाया, मोठमोठी पातेली, पायात घुटमळणारी पोरं. पहाटेपासून रात्रीपर्यंत हालचाल, दोन्ही कॅमेऱ्यांवर, रोज. तिच्यासाठी रडायला आलेल्या माणसांनीच तिला पुसून टाकलं होतं. डिस्क काढून ते दुकानात बसले, दोन दिवस खटपट केली. जुन्यावर नवं लिहिलं गेलं होतं, काही हाती आलं नाही. दुसरीकडे प्रत नव्हतीच, कारण ती नसावी म्हणूनच तर त्यांनी एवढा खटाटोप केला होता. डोळ्याला डोळा लागेना. गिऱ्हाइकाच्या घरी ही चूक त्यांनी केली नसती.

डिस्क परत बसवली आणि त्यांनी लेकीला फोन लावला. "उमेरा, गेलं सगळं. मी म्हनलं होतं महिना राह्यते. माझीच चूक."

 ती म्हणाली, "अम्मीनं म्हनलंच होतं, पुसते न, मंग लावा." आणि रडू लागली. जब्बारभाईही रडले, फोन कानाशी तसाच धरून.

"तुह्या फोनमधली चावी बंद करू का? आता पाहाले काय आहे तिथं?"

"नोका करू, अब्बा. मी रोज एक वाजता लावते."

दुसऱ्या दिवशी जब्बारभाई ढाणकीचं काम अर्धवट टाकून घरी आले. कालची भाकर आणि लोणचं ताटात घेतलं. एक वाजता कॅमेऱ्यासमोर ताट धरलं. काय बोलायचं ते त्यांना माहीत होतं.

"हे पाह्य बेटा, जेवून राह्यलो. आता तू बी जेव."