मीराबाईंच्या लेकीची चार वर्षांची ‘नोकरी’

दिल्लीत करोल बागेतल्या आमच्या मजल्यावर मीराबाईंसारखं खोटं बोलणारं कोणी नाही. अगदी ठसक्यात, पुराव्यासकट! मुलगी लुंबिनी यूपीएससीची तयारी करते हे आमच्या बुद्धविहारात कळू नये म्हणून बाईंनी चार वर्षं सांगितलं, “गुडगावला कंपनीत आहे.” नापास झाली तर लोक नावं ठेवतील ना! पोरगी रोज सकाळी डबा घेऊन, गळ्यात पट्टा अडकवून निघायची. पट्ट्याला कार्ड असायचं मागच्या गल्लीतल्या लायब्ररीचं.

परवा अंतिम निकालाची पीडीएफ आली. रोल नंबर सापडला, तसे राजाराम, म्हणजे लुंबिनीचे वडील, बनियनवरच जिन्यात नाचले. मी पेढ्याच्या आशेनं पोचलो, तर आत भांडण!

सोशल मीडियावर टाकायला लुंबिनीनं लिहिलं होतं: “चार वर्षं, लायब्ररीची एकच खुर्ची. आधी प्रिलिम्समध्ये उडाले, मग मेन्समध्ये, मग इंटरव्ह्यू देऊनही यादीबाहेर. आज यादीत. आई, बाबा, थँक्यू.”

“खुर्ची काढ,” मीराबाई म्हणाल्या. “नोकरी सांभाळून, असं लिही.”

“आई, फॉर्ममध्ये नोकरी ‘नाही’ भरलंय. इंटरव्ह्यूत बोर्डानं विचारलं, पदवीनंतर काय केलं? मी खरं सांगितलं. आता जगाला खोटं सांगू?”

“बोर्डवाले विहारात येतात का गं? मला तिथे दर रविवारी बसायचंय!”

“मग निदान ‘आयएएस’ तरी टाक,” राजाराम मध्येच म्हणाले.

“बाबा, यार! रँक खालची आहे. सर्व्हिस नंतर मिळते. महसूल, रेल्वे, काहीही.”

मी तेल ओतलं, “वहिनी, कंपनीतून राजीनामा दिला म्हणा!” बाईंनी माझ्यापुढची पेढ्यांची बशीच उचलली.

शेवटी लुंबिनीनं फोन आईच्या हातात ठेवला. “तूच सांग. तू नाही म्हणालीस तर नाही टाकत.”

मीराबाईंनी पुन्हा वाचलं. ‘यादीबाहेर’पाशी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “खाली लिही: माझी आई चार वर्षं सगळ्यांशी खोटं बोलली, म्हणून मला कोणी काही विचारलं नाही. खरी मेहनत तिची.”

“बिल्कुल!” लुंबिनीनं लिहिलं आणि आईचं मन बदलायच्या आत टाकूनही दिलं.

बाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या, जणू आता दगडच येणार. पहिला आला फोन, विहारातल्या अरुणाताईंचा. बाईंनी घाबरून स्पीकरच दाबला.

“मीराबाई, अभिनंदन! आणि एक सांगू का... आमचा परीक्षित नोएडाच्या कंपनीत वगैरे नाहीये हो.”

“मग?”

“तुमच्या लुंबिनीच्या मागच्याच खुर्चीवर बसतो. तीन वर्षं झाली.”

मीराबाई इतक्या हसल्या की पदर गळून पडला. “अहो अरुणाताई, मग बिनधास्त बोला की! या, चहालाच या, परीक्षितला घेऊन. आणि शेजारचे भाऊजी बसलेत इथे, त्यांच्यासमोर बोललात. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या विहाराला कळेल!”

संध्याकाळ कसली? मी जिना उतरायच्या आतच चौघांना सांगितलं होतं.