सतरंजीला द्यायचा निरोप

तिचं सतरंजी हे नाव मीच ठेवलं. सभा संपली की पुढारी गाडीत बसून निघून जातात आणि सतरंज्या उचलायला कार्यकर्ते मागे राहतात. ही त्यातली. घरच्यांनी एवढा खर्च करून परदेशात शिकायला पाठवलं, तर ही तिथे जाऊनही सतरंज्याच उचलणार.

आम्ही दोघी पाणीपुरवठ्याच्या इंजिनियर. वर्ग एक, भाड्याची खोली एक, कपडे वाळत घालायचा स्टँडसुद्धा एक. मार्कांत मी तिच्या बरीच पुढे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते कोणी विचारणार नाही.

पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्या विद्यार्थी मंडळांनी टेबलं मांडली होती. मी एक फुकटचं पेन उचललं आणि लायब्ररीत गेले. सतरंजीनं तीन ठिकाणी नाव नोंदवलं. डोंगर चढणाऱ्यांचं मंडळ, वादविवादाचं मंडळ, आणि पाणीपुरवठा इंजिनियरांच्या असोसिएशनची विद्यार्थी शाखा. पहिली दोन मंडळं महिन्याभरात सुटली. तिसरं तिनं घट्ट धरलं.

महिन्यातून एका मंगळवारी दुपारी असोसिएशनचं व्याख्यान असायचं. नोकरीतले इंजिनियर यायचे, पाइपांवर तासभर ऐकायचे, मग चहा. सतरंजी आधी जाऊन खुर्च्या मांडायची, दारातल्या टेबलावर नावांचे बॅज लावून बसायची, आणि शेवटी बॅज परत घेऊन त्यांची प्लास्टिकची पाकिटं पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवायची. दोन वर्षं. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाची लेक परीक्षेला बसलीय, सगळं बाईसाहेबांना तोंडपाठ.

"फुकटची हमाली," मी म्हणायचे.

"अगं, नुसतं समोर उभं राहून बोलायची मला लाज वाटते. खुर्ची उचलता उचलता कोणीही बोलतं."

मला वाटायचं, बोल बाई. परीक्षेत खुर्च्यांवर प्रश्न येत नाही.

शिक्षण संपलं. नोकरी शोधायला आम्हाला एक वर्षाची मुदत होती, नाहीतर परत. तिला चौथ्या महिन्यात नोकरी लागली. जमिनीखालची पाणीगळती शोधणारी छोटी कंपनी, आणि तिथली साहेबीण म्हणजे हिच्याबरोबर खुर्च्या रचणारी एक बाई. मी पेढ्याऐवजी चॉकलेट आणलं, मिठी मारली, खूप आनंद झाला म्हणाले. साफ खोटं. पोटात असं दुखलं की त्या रात्री जेवले नाही. माझे तोवर दोनशे दहा अर्ज गेले होते.

मीही काही गप्प बसले नव्हते. आमच्या मायदेशातल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा इथे ग्रुप होता. सतरंजी म्हणाली, "नोकरी मागू नकोस. वीस मिनिटं माग. तुमच्या ऑफिसात काम कसं चालतं, काय शिकून घेऊ, एवढंच विचार. आणि प्रत्येकाला वेगळं लिही." मला काय शिकवतेस, असं मनात म्हणून मी एकच मजकूर तीस जणांना पाठवला, खाली बायोडेटा जोडून, 'आपल्या कंपनीत योग्य जागा असल्यास कळवावे.' त्यातले चौघं एकाच ऑफिसात शेजारी शेजारी बसतात हे मला काय ठाऊक. चौघांनी मिळून एकच उत्तर पाठवलं, हसणाऱ्या तोंडासकट. हे मी सतरंजीला सांगितलं नाही. तिला ते कळलंच असणार, तिला सगळंच कळतं.

मुदत संपायला सात आठवडे राहिले तेव्हाची गोष्ट. बॅजचं टेबल सतरंजीनं नोकरी लागल्यावरही सोडलं नव्हतं, पण त्या मंगळवारी तिला गळती शोधायला बाहेर जायचं होतं. "माझ्याऐवजी बॅजच्या टेबलावर बसशील का? चार माणसं भेटतील तुला," म्हणाली. गरज होती म्हणून गेले. पण कपाळावरची आठी काही घरी ठेवून गेले नाही. येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "आज ती नाही का?"

शेवटी बॅज परत करायला पंपवाले काका आले. काका आम्ही आपसात म्हणायचो. एका मोठ्या कंपनीत पंपिंग स्टेशनच्या डिझाइनचे प्रमुख, पांढऱ्या भुवया, हातात कायम छत्री. तेही म्हणाले, "ती कुठे आहे?"

"आली नाही."

"तिच्या कॉलेजच्या ईमेलवर लिहिलं होतं, परत आलं. बंद झालेला दिसतो."

झालाच होता. पदवीनंतर सहा महिन्यांनी बंद होतो.

"तू ओळखतेस तिला?"

आम्ही एकत्र राहतो, एवढं बोलायचं होतं. पण म्हटलं, या माणसाच्या लेखी मी काय, तिची खोलीवाली? "ओळखते," मी म्हणाले.

काकांनी स्वतःच्या बॅजमागे फोन नंबर लिहून माझ्या हातात दिला. "तिनं विचारलेली जागा निघालीय म्हणावं. शुक्रवारपर्यंत फोन हवा, त्यानंतर यादी बंद."

मी बॅज कोटाच्या खिशात टाकला. एक नोकरी असताना हिला दुसरी हवी. मोठी कंपनी, मोठा पगार, आणि मी एव्हाना चारशे अर्जांची धनीण. बुधवारी सांगणार होते. गुरुवारी ती गाणं गुणगुणत भांडी घासत होती, ते ऐकून राग आला. शुक्रवारी संध्याकाळी खिशात हात घातला, बॅज चाचपला, आणि हात बाहेर काढला.

पुढच्या आठवड्यात ती घरी आली आणि कोट न काढताच बसली.

"पंपवाले काका भेटले. जागा भरली म्हणाले. टेबलावरच्या मुलीकडे निरोप दिला होता म्हणे."

मी स्टँडवरचे कपडे काढायला लागले.

"तुझ्यासाठी विचारलं होतं गं मी. हिशेबात पक्की मैत्रीण आहे म्हणून सांगितलं होतं. तुला आधी बोलले नाही, माझ्या ओळखीनं काही झालेलं तुला आवडत नाही म्हणून. त्यांचा निरोप आला की तुझा नंबर देणार होते."

आई म्हणायची, दुसऱ्याला अपशकुन करायला कोणी आपलं नाक कापत नाही. आईला मी माहीत नव्हते.

मी उठून खिशातून बॅज काढून दिला. तिनं तो उलटसुलट पाहिला. नंबर वाचला. आतला कागद काढून टेबलावर ठेवला आणि प्लास्टिकचं पाकीट सवयीनं पुसून आपल्या पिशवीत टाकलं.

"अजून सहा आठवडे आहेत," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटला.

सहा आठवडे पुरले नाहीत. विमानतळावर जायच्या दिवशी माझ्या दोन मोठ्या बॅगा होत्या आणि माझ्या ओळखीत गाडी असलेलं एकही माणूस नव्हतं. तिच्या होतं. खाली गाडीपाशी छत्री धरून पंपवाले काका उभे.

त्यांनी आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिलं. "तू त्या दिवशीची टेबलावरची ना? आणि ती हिशेबातली मैत्रीणही तूच? अगं, एकत्र राहता हे तेव्हाच बोलली असतीस तर मी तुलाच बसवून विचारलं असतं."

पुढच्या सीटवरून सतरंजीनं त्यांच्या गुडघ्याची चौकशी सुरू केली आणि थेट विमानतळापर्यंत ते गुडघ्यावरच बोलत राहिले. विषय बदलायलाही तिला छान जमतं.