साडेसत्तावीस मिलिमीटरचा भुंगा

त्या वर्षी उसातल्या हुमणीची पाहणी माझ्याकडे होती. हुमणी म्हणजे मातीत राहून उसाची मुळं खाणारी पांढरी अळी. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगे जमिनीतून वर येतात आणि संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. कोणत्या गावात कोणत्या जातीचे भुंगे निघतायत ते आधी कळलं, तर पुढचा सल्ला नीट देता येतो. त्यासाठी गावोगावच्या काही बायकांना आम्ही शिकवून तयार केलं होतं. भुंगा पकडायचा, शेजारी छोटी स्टीलची पट्टी ठेवायची, वरून फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. लांबी मी नगरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर मोजायची.

मोजणं सोपं होतं. फोटोतल्या पट्टीवरच्या एका सेंटिमीटरवर रेघ ओढायची. ती किती ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, भरली ते बघायचं. मग भुंग्याच्या डोक्यापासून शेपटाकडच्या टोकापर्यंत दुसरी रेघ ओढायची आणि भागाकार करायचा.

या बायकांपैकी काष्टी गावच्या ताईंचे फोटो पहिल्या आठवड्यात नेहमीसारखेच आले. भुंगे एकवीस-बावीस मिलिमीटरचे, आपल्याकडे सगळीकडे असतात तेच. पण फोटो लांबून काढलेले, आणि तपकिरी भुंगा तपकिरी मातीवर. कड नीट दिसत नव्हती. मी त्यांना फोनवर सांगितलं, "ताई, जरा जवळून काढा. आणि खाली काहीतरी पांढरं घ्या."

त्यानंतर चार दिवस फोटो आले नाहीत. ताई माहेरी लग्नाला गेल्या होत्या. त्यांचं माहेर सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी.

परतल्यावर त्यांनी जे फोटो पाठवले ते बघून मी खुर्चीतच सावरून बसले. पट्टीवरचा एक सेंटिमीटर चारशे ठिपक्यांचा होता आणि भुंगा अकराशे ठिपक्यांचा. साडेसत्तावीस मिलिमीटर. मी पुन्हा मोजलं. पुढचे दोन फोटोही मोजले. सगळे सत्तावीसच्या वरच.

एवढा मोठा भुंगा हुमणीच्या दुसऱ्या जातीचा असतो. ती जात नदीकाठच्या उसात सापडते, आणि आमच्या पाहणीत काष्टीला कधीच दिसली नव्हती. कृष्णाकाठी मात्र भरपूर.

माझ्या मनात पाल चुकचुकली. बाई माहेरी गेल्या काय, आणि आल्या त्या मोठे भुंगे घेऊन!

फोटो मोठा करून बघितला तेव्हा संशय आणखी पक्का झाला. भुंगा इतका स्पष्ट होता की पायावरचे काटे मोजता यावेत. आणि पट्टीवरच्या रेघा मात्र पुसट. एकाच फोटोत एक वस्तू लख्ख आणि शेजारची धूसर कशी? दोन फोटो जोडलेत, असंच मला वाटलं. भुंगा माहेरचा, पट्टी काष्टीची. मी फोन केला.

"ताई, हे भुंगे कुठले?"

"कुठले म्हंजी? आमच्या बांधावरच्या निंबाचे."

"नक्की? सांगलीचे नाहीत ना?"

त्या म्हणाल्या, "मॅडम, लग्नात कोन भुंगे गोळा करतं?"

ते उत्तरही मला चुकवाचुकवीचंच वाटलं. संशय आला की माणसाला सगळ्यात तेच दिसतं. मी ऑफिसातल्या आमच्या साहेबांना लिहून पाठवलं, "काष्टीचे फोटो विश्वासार्ह वाटत नाहीत, जोडलेले असावेत." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या दौंड गाडीनं काष्टीला निघाले. जाताना पिशवीत लांबी अचूक मोजायचा व्हर्नियर कॅलिपर घेतला, लॅपटॉप घेतला आणि मनात प्रश्नांची यादी. वाटेत मी त्या यादीची दोनदा उजळणी केली.

ताईंचं घर उसाच्या कडेला होतं, पत्र्याचं. त्यांनी पाणी दिलं, चहा विचारला. मी चहा नको म्हणाले. आजही ते आठवलं की चोरट्यासारखं होतं. मी सरळ म्हणाले, "ते भुंगे दाखवा."

त्यांनी बरणी आणली. फोटो काढलेले भुंगे त्यांनी वाळवून, कागदावर तारीख लिहून ठेवले होते. हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. मी कॅलिपर लावला. बावीस. दुसरा, बावीसला किंचित कमी. तिसरा बावीस.

"फोटोतले हे नाहीत," मी म्हणाले. "फोटोतले मोठे आहेत."

ताईंचा चेहरा उतरला नाही, कडक झाला. "हेच हायत. ह्याचा मागचा डावा पाय तुटलाय बघा. फोटोत बी तुटलेला असंल."

मी लॅपटॉप उघडला. डावा मागचा पाय तुटलेला होता.

भुंगा तोच, पण फोटोत साडेपाच मिलिमीटरनं जास्त. वाळून एवढा आक्रसत नाही, त्याचं कवच कडक असतं. मी म्हणाले, "जसा काढला तसाच फोटो माझ्यासमोर काढा."

त्या आत गेल्या आणि औषधाच्या बाटलीचं पांढरं झाकण घेऊन आल्या. ओट्यावर झाकण पालथं ठेवलं, त्यावर भुंगा. शेजारी ओट्यावर पट्टी. मग मोबाईल वरून अगदी जवळ नेला, टाचांवर बसून, श्वास रोखून. मी बाजूला वाकले होते. तिथून मला ते दिसलं, जे वरून काढलेल्या फोटोत दिसणं शक्यच नव्हतं. भुंगा उंचावर होता आणि पट्टी खाली. फोटोत ते झाकण मला पांढऱ्या कागदाचा गोल तुकडा वाटत आलं होतं.

"थांबा, हलू नका," मी म्हणाले आणि मोबाईलपासून ओट्यापर्यंतचं अंतर मोजलं. दहा सेंटिमीटर. झाकण दीड सेंटिमीटर उंच, त्यावर भुंग्याची कड आणखी अर्धा सेंटिमीटर. म्हणजे भुंगा कॅमेऱ्यापासून आठ सेंटिमीटरवर आणि पट्टी दहावर. जवळचं मोठं दिसतं. बावीसला दहानं गुणून आठनं भागलं की साडेसत्तावीस. आणि कॅमेऱ्यानं भुंग्यावर नजर धरली म्हणून खालची पट्टी धूसर आली. जोडाजोड कसलीच नव्हती. लांबून काढले असते तर त्याच झाकणानं फारसा फरक पडला नसता. जवळून काढा आणि पांढरं घ्या, हे दोन्ही मीच सांगितलं होतं.

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आत जाऊन तसंच दुसरं झाकण आणलं आणि पट्टी त्याच्यावर ठेवली. "आता?" पट्टी अजून भुंग्याच्या कडेपेक्षा थोडी खाली होती. मी तिच्याखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या. फोटो काढला, लॅपटॉपवर रेघा ओढल्या. बावीस मिलिमीटर.

"म्हंजी माजं खोटं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं. माझंच चुकलं, ताई."

"चुकलं ते चुकलं. पन तुमी इचारलं कसं, ते लई लागलं मला."

मी तिथूनच साहेबांना फोन केला, ताईंच्यासमोर, आणि सगळं मोठ्यानं सांगितलं. काष्टीत दुसरी जात निघाल्याची नोंद साहेबांनी माझ्या पत्रामुळे थांबवली होती; ती थांबलेलीच बरी, असं ते म्हणाले. नंतर ताईंनी चहा केला आणि मी तो प्याले, पण बोलणं फारसं झालं नाही.

त्यानंतर आम्ही सगळ्या बायकांना सांगितलं की पट्टी भुंग्याच्या कडेच्या उंचीवर हवी आणि फोटो फार जवळून नको, पाहिजे तर नंतर मोठा करू. काष्टीहून मात्र तेव्हापासून प्रत्येक भुंग्याचे दोन फोटो येतात. एक वरून आणि एक बाजूनं, पट्टी आणि भुंगा एका पातळीत आहेत ते दाखवणारा. मी एकदा फोनवर म्हणाले, "ताई, बाजूचा फोटो पाठवायची गरज नाही. माझा विश्वास आहे."

"असू द्या मॅडम," त्या म्हणाल्या. "मी पाठवते."