काळजी नसावी, आपले काम होऊन जाईल

एकदा मी एका जर्मन कंपनीला असं वचन दिलं होतं, की जे पाळायला कारखान्यात एकही माणूस हजर नव्हता. मीसुद्धा नव्हते. वचन दिलं तेव्हा मी डोंबिवलीत स्वयंपाकघरात उकडीच्या मोदकांना कळ्या पाडत होते आणि त्या नीट पडत नाहीत म्हणून सासूबाईंची बोलणी खात होते. वचन देण्याचं काम माझ्यामागे कॉम्प्युटर करत होता. पण शब्द माझे होते, आणि त्यांचा मला फार अभिमान होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वागळे इस्टेटमध्ये पितळेचे बुश, म्हणजे यंत्रात दांड्याभोवती बसणाऱ्या आखूड नळ्या, बनवणारा एक छोटा कारखाना होता, त्यात मी पत्रव्यवहार बघायची. आठ लेथ, चौदा माणसं, वर माळ्यावर लाकडी पार्टिशनमागे ऑफिस. लेथवर धातू थंड ठेवायला सोडतात त्या दुधाळ पाण्याचा आंबूस वास साडीला लागायचा, तो घरी गेल्यावरही जायचा नाही. आज तो वास कुठे आला तर मी थांबून हुंगेन, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

साहेब म्हणजे मालक, इंजिनियर, कमी बोलणारे. ते जर्मनीतल्या एका प्रदर्शनाला जाऊन आले आणि तिथली एक कंपनी आमच्याकडून माल घेऊ लागली. तिच्या जिवावर दोन नव्या लेथ आल्या होत्या. ही कंपनी गेली तर त्या लेथवरच्या चौघांना घरी बसावं लागेल, हे सगळ्यांना माहीत होतं. मी तरुणपणी दोन वर्षं जर्मन शिकलेले, म्हणून त्यांची पत्रं माझ्याकडे. दोन वर्षांत जेवढं येतं तेवढंच येत होतं, पण ऑफिसात दुसऱ्या कुणालाच येत नसल्यामुळे मी विदुषी होते.

भाद्रपद आला. आमचे निम्म्याहून जास्त कामगार कोकणातले, त्यामुळे गणपतीत कारखाना आठ दिवस बंद. साहेबही गावी जायचे, आणि त्यांच्या वाडीत फोन नव्हता. त्या वर्षी कॉम्प्युटर बसवणाऱ्या वर्तकनगरच्या माणसाने एक नवी सोय दाखवली. मशीन चालू ठेवायचं, ते दिवसातून तीनदा आपलं आपण फोन लावून ई-मेल उतरवून घेईल आणि पत्र पाठवणाऱ्याला आधीच लिहून ठेवलेलं उत्तर देईल. शिवाय पत्ता बघून वेगवेगळं उत्तर देता येईल. पत्त्याच्या शेवटी जर्मनीची दोन अक्षरं असली की जर्मन उत्तर, सुरतेच्या व्यापाऱ्याचा पत्ता असला की गुजराती, बाकी सगळ्यांना इंग्रजी.

साहेबांनी इंग्रजी मजकूर सांगितला. अमुक तारखेपर्यंत ऑफिस बंद आहे, त्यानंतर उत्तर देऊ. संपलं.

"एवढंच?" मी विचारलं.

"अजून काय हवं, बाई? गणपतीचं आमंत्रण देताय का त्यांना?"

गुजरातीसाठी मी शेजारच्या बेनकडे गेले. तिच्या माहेरचं कापडाचं दुकान होतं, तिला व्यापाऱ्यांची भाषा ठाऊक. मी मजकूर वाचून दाखवला. ती पापड लाटत होती, तिने लाटणं खाली ठेवलं.

"असा लिवते तू? दुकान बंद, नंतर या? माणूस दारातून परत जाते ना, तेला पाणी तरी विचारते की नाय?"

"ते मशीन आहे बेन, ते काय पाणी विचारणार."

"मशीनला नाय समजत, वाचणाऱ्याला समजते ना. लिव, फिकर करू नका, काम होऊन जाईल."

तिने सांगितलं तसं मी लिहिलं. अक्षरं मात्र इंग्रजीच ठेवली, कारण तेव्हा आपल्याकडची लिपी पलीकडे पोचेपर्यंत तिचे चौकोन होत. वर 'जय श्री कृष्ण', मग शेठ बाहेरगावी, शेवटी 'फिकर करू नका, काम होऊन जाईल'. वाचताना इतकं गोड वाटलं, की साहेबांचं इंग्रजी त्यापुढे कोर्टाच्या नोटिशीसारखं दिसायला लागलं.

मग बसले जर्मन करायला. 'बंद आहे' एवढंच लिहायला हात वळेना. आपल्याकडे कुणाला नुसतं 'नाहीत' असं सांगून दार लावतात का? म्हणून मीही शेवटी एक वाक्य जोडलं: काळजी नसावी, आपले काम वेळेत पूर्ण केले जाईल. 'वेळेत' हा शब्द माझ्या पदरचा. जर्मन लोकांना वेळ आवडते, असं मी कुठेतरी ऐकलं होतं.

खाली सही हवी. म्हणजे नाव, हुद्दा, फोन, फॅक्स. साहेबांनी सांगितलं होतं, ते नसताना मी माझं नाव घालायचं, हुद्दा जरा वजनदार लिहायचा. माझा खरा हुद्दा कारकून. मी शब्दकोश उघडला आणि 'सही करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती' शोधली. शब्द मिळाला: प्रोकुरिस्टीन. किती भारदस्त. जर्मनीत हा हुद्दा सरकारी दप्तरात नोंदवतात आणि त्या माणसाचा शब्द कायद्याने कंपनीला बांधतो, हे कोशाच्या त्या ओळीत नव्हतं. असतं तरी मी पुढे वाचलं असतं याची खात्री नाही. नावापुढे तो शब्द लावून मी दोनदा मोठ्याने वाचला आणि प्रिंट काढून नवऱ्याला दाखवायला घरी नेली.

आमचा गणपती दीड दिवसाचा. तिसऱ्या दिवशी मशीन बरं चाललंय ना ते बघायला ऑफिसात गेले. लेथ गप्प, पत्र्यावर चिमण्या, वॉचमन खाटेवर. असा शांत कारखाना मी कधी पाहिला नव्हता. मला छान वाटलं. पाच मिनिटं वाटलं.

जर्मन कंपनीची खरेदी बघणारी बाई होती, तिची दोन पत्रं आली होती. पहिलं: चारशेऐवजी सहाशे बुश हवेत आणि दहा दिवस आधी, म्हणजे येत्या शुक्रवारच्या विमानाने. जमेल का, कृपया कळवा. त्याला आमचं उत्तर गेलेलं: काळजी नसावी, आपले काम वेळेत पूर्ण केले जाईल. खाली मी, प्रोकुरिस्टीन.

दुसरं पत्र: होकाराबद्दल आभार. आम्ही आमच्या ग्राहकाला तशी तारीख दिली आहे.

त्यालाही उत्तर गेलं होतं. काळजी नसावी.

सुरतेच्या व्यापाऱ्याचंही एक पत्र होतं. त्यालाही जास्तीचा माल हवा होता, त्यालाही तेच गोड उत्तर गेलं होतं. त्याने पुढे काहीच लिहिलं नव्हतं. तो समजला होता की शेठ नाहीत, आठवड्याने फोन करू. तेच वाक्य, त्याने त्याचा नमस्कार करून घेतला आणि जर्मन बाईने करार.

शुक्रवारी माल जायचा तर लेथ दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायला हव्या होत्या. इथे राहिलेले कामगार गोळा करता आले असते, पण फोरमनकाका हवे, कारण मापं त्यांच्या हातात. काका राजापूरच्या पलीकडे आपल्या गावी होते. त्यांच्या घरच्या गणपतीच्या पूजेची पाळी भावाभावांत फिरायची, आणि कितीतरी वर्षांनी ती त्यांच्यावर आली होती. आधीची तीन वर्षं ऑर्डरीपायी त्यांना जाताच आलं नव्हतं. निघताना नवं धोतर मला दाखवून गेले होते.

आणि मी काय केलं? तार करायला निघाले. खरं सांगायचं तर मनात हिशेब असा की काका आले, माल गेला, तर माझं वाक्य कुणाला कळणारच नाही. तार ऑफिसात जाऊन फॉर्मवर लिहिलं: 'ताबडतोब निघा. अर्जंट.' काउंटरवरच्या माणसाने फॉर्म वाचला, पत्ता वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. कामासाठी बोलावायचंय."

"गणपतीत गावात तार पोचली की फोडायच्या आधी घरात रडारड होते, ताई. पूजेला बसलेला माणूस उठेल. घालू का?"

मी फॉर्म परत मागून घेतला. त्याची घडी घालून पर्समध्ये टाकली.

परत ऑफिसात आले आणि दुपारभर बसून जर्मन पत्र लिहिलं. शब्दकोशाची पानं सुटेपर्यंत. लिहिलं, की तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरं मशीनने पाठवली आहेत, तुमचं पत्र आतापर्यंत कुणीही वाचलेलं नव्हतं. शेवटचं वाक्य आमच्याकडची बोलण्याची रीत आहे, ते मी माझ्या मनाने घातलं. माणसं सणाला गावी आहेत, ती पुढच्या सोमवारी येतील. आणि मी प्रोकुरिस्टीन नाही, मी कारकून आहे. हे शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि त्यात एकही अवघड शब्द नव्हता. पत्र पाठवायच्या आधी दोन्ही भाषांमधलं ते गोड वाक्य पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाईच्या चार ओळी: आता मला माझ्या साहेबांना सांगावं लागेल की मी एका मशीनचे आभार मानले. ठरलेले चारशे जुन्याच तारखेला पाठवा, वरचे दोनशे त्यानंतर आठवड्याने. यापुढे नाही असेल तर नाही लिहा. खाली तिची सही, हुद्दा: खरेदी विभाग. बस, एवढंच.

सोमवारी साहेब आले. मी सगळी पत्रं पुढ्यात ठेवून उभी राहिले. त्यांनी क्रमाने वाचली. प्रोकुरिस्टीनपाशी थांबून विचारलं, "याचा पगार किती असतो?" मग पत्रं बाजूला सारली. "जर्मन उत्तर नवीन करा," ते म्हणाले, "आणि मी सांगतो त्याच्यापेक्षा एक शब्द जास्त नको." मग खाली जाऊन त्यांनी दोनशे बुशांची गोष्ट काकांना सांगितली. माझीही.

काका संध्याकाळी जिना चढून वर आले. कपाळावर गुलालाची रेघ अजून होती. त्यांनी माझ्या टेबलावर केळीच्या पानात बांधलेल्या खोबऱ्याच्या वड्या ठेवल्या. कॉम्प्युटरकडे बोट केलं. मग म्हणाले:

"बाई, लेथ उघडून आत हात घालायचा असला की आमी तिच्यावर पाटी लावतो, 'बंद आहे', म्हणजे कोणी बटण दाबत नाय. तिथे 'काळजी नको, होऊन जाईल' लिवलं असतं ना, तर या वड्या बांधायला माझ्याकडे एकच हात उरला असता."